बेरीज जुळली, तरी बिल हरवलेलेच

मृगाचा पाऊस पडला की पुसद, दिग्रस, उमरखेडच्या कृषी केंद्रांत बिलांचा पाऊस सुरू होतो. दुकानातल्या संगणकावर जूनच्या विक्रीची एक शीट तयार होते. हिशेब लिहिणारा बिलांच्या प्रती घेऊन टॅलीत एंट्री करतो आणि महिनाअखेरीस दुसरी शीट देतो. दोन्ही जुळायला हव्यात, पण जुळवणीबद्दलचे काही समज इतके पक्के झालेत की चूक समोर असून दिसत नाही.

गैरसमज : बेरीज आणि ओळींची संख्या सारखी, म्हणजे शीट जुळल्या.

खताच्या दुकानात तर हा समज हमखास फसवतो, कारण खताचे भाव ठरलेले असतात. युरियाची 45 किलोची गोणी 266.50 रुपयांना, डीएपीची 50 किलोची 1,350 रुपयांना. दोन गोण्या डीएपी म्हणजे 2,700 रुपये, आणि पेरणीच्या दिवसांत या रकमेची बिले ढिगाने फाटतात. त्यामुळे रकमेवरून ओळ शोधणे इथे व्यर्थ आहे.

समजा, दुकानाच्या शीटमध्ये 640 ओळी आहेत आणि टॅलीतही 640. बेरीजही तंतोतंत. पण 418 नंबरचे 2,700 चे बिल टॅलीत चढलेच नाही आणि 431 नंबरचे, तेही 2,700 चेच, दोनदा चढले. दोन चुकांनी एकमेकींना झाकले. बिल नंबरानेच जुळवले, तरच त्या उघड्या पडतात.

गैरसमज : व्हीलुकअप एकदा लावले की झाले.

वरच्या उदाहरणात टॅलीच्या शीटमधून दुकानाच्या शीटमध्ये शोध घेतला, तर एकही चूक दिसणार नाही. 431 दोन्ही वेळा सापडेल आणि 418 ची ओळ टॅलीत नसल्याने तो शोधलाच जाणार नाही. उलट बाजूने शोधले तर 418 गायब असल्याचे कळेल, पण 431 दोनदा असल्याचे कळणार नाही. मग 418 भरायचे आणि बेरीज 2,700 ने का फुगली म्हणून रात्र घालवायची! व्हीलुकअप फक्त ‘आहे की नाही’ सांगते, ‘किती वेळा’ ते नाही. म्हणून मोजणी करावी. दोन्ही शीट एकाच फाइलमध्ये Dukan आणि Tally या नावांनी ठेवा, बिल नंबर A रकान्यात घ्या आणि दोन्ही शीटमध्ये एका रिकाम्या रकान्यात हे सूत्र लावून खालपर्यंत ओढा :

```
=COUNTIF(Dukan!$A:$A,$A2)-COUNTIF(Tally!$A:$A,$A2)
```

शून्य आले तर ओळ जुळली. 418 समोर 1 येईल, म्हणजे टॅलीत एक कमी. 431 समोर -1, म्हणजे टॅलीत एक जास्त. शून्य सोडून बाकीचे फिल्टर केले की सगळा दोष समोर येतो. सूत्र दोन्हीकडे लावायचे, कारण जे बिल फक्त टॅलीत आहे, त्याची ओळ दुकानाच्या शीटमध्ये नसतेच.

गैरसमज : #N/A आले म्हणजे बिल हरवले.

पुष्कळदा बिल जागेवरच असते, फक्त एकीकडे 418 हा आकडा असतो आणि दुसरीकडे तोच मजकूर म्हणून बसलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, व्हीलुकअपला मात्र वेगळे. एखाद-दुसरी नव्हे, सगळ्याच ओळी #N/A दाखवत असतील तर संशय इथेच घ्यावा. मजकूर असलेला आकडा सहसा रकान्यात डावीकडे चिकटतो. तो रकाना निवडून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा आणि थेट ‘फिनिश’ दाबा, आकडे सरळ होतात. काउंटइफ हा भेद मानत नाही, ही तिची सोय. पण त्यातच मेख आहे : तिला 0418 आणि 418 एकच वाटतात. दोन काउंटरची वेगळी बिलबुके असतील, तर नंबराआधी मालिकेचे अक्षर जोडूनच मोजा. नंबरामागे चुकून पडलेली मोकळी जागा मात्र जुळवणी अडवू शकते. साधी जागा TRIM ने जाते. सॉफ्टवेअरमधून आलेली चिवट जागा त्याने जात नाही, तिला हे लागते :

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160),""))
```

गैरसमज : जे सापडत नाही ते लगेच भरून टाकावे.

आधी जुलैची शीट उघडा. 30 जूनच्या संध्याकाळचे बिल 1 जुलैच्या तारखेने चढलेले असते, हा नेहमीचाच प्रकार. तेव्हा नवी एंट्री केली, तर तेच बिल दोनदा होईल. तिथे फक्त तारीख दुरुस्त करायची. रद्द केलेले बिलही टॅलीत नसणारच, पण त्याचा नंबर टिपून ठेवा. जीएसटीआर-1 च्या तक्ता 13 मध्ये बिलांचा पहिला नंबर, शेवटचा नंबर आणि मधली रद्द बिले किती, हे भरावे लागते. दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी त्याची मुदत पुढच्या महिन्याची 11 तारीख, म्हणून ही जुळवणी त्याआधीच उरकून घ्या.