रात्री अंथरुणावर पुन्हा सुरू होणारा वाद



फुनाबोरीत मुलांकडे राहायला आलेले आईवडील हल्ली एक काळजी बोलून दाखवतात. मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत जागा असतो आणि विचारले तर "काही नाही" म्हणतो.

यात घड्याळाचाही वाटा आहे. जपान भारतापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे पुण्यात संध्याकाळी साडेसहाला ठरलेली बैठक इथे रात्री दहाला. परिचयातल्या एका तरुणाचा अशाच बैठकीत कामाच्या मुदतीवरून खटका उडाला. साडेदहाला त्याने लॅपटॉप मिटला आणि अकराला तो आडवा झाला. कचेरीतून घरी येताना गाडीत जो निवांत वेळ मिळतो, तो त्याला मिळालाच नाही. अंथरुणावर 'मी असे उत्तर द्यायला हवे होते' हे चक्र सुरू झाले. मनाच्या लेखी तो विषय अजून संपलेला नव्हता.

अमेरिकेतील बेलर विद्यापीठात यावर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. ५७ निरोगी तरुणांपैकी निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढे करायची कामे लिहिली, उरलेल्यांनी झालेली. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि ज्यांनी तपशिलात लिहिले त्यांना अधिक लवकर. प्रयोग एकाच रात्रीचा होता, त्यामुळे त्याला रामबाण समजू नये.

आमच्या तरुणाने आधी साहेबांच्या चुका लिहिल्या. त्याने राग आणखी चढला. मग त्याने लिहिले, "उद्या साडेनऊला नवे वेळापत्रक पाठवायचे. चाचणीला दोन दिवस जास्त लागतील, हे कारणासह सांगायचे." हे कागदावर, टेबलाशी बसून लिहावे, फोन हातात घेतला की निरोपच वाचले जातात.

तरीही साधारण वीस मिनिटांत झोप आली नाही, तर उठावे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरली जाते. मंद दिव्यात स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून एखादे संथ पुस्तक वाचावे आणि डोळे जड झाले की परत यावे. सकाळी मात्र ठरल्या वेळीच उठायचे. पहिले काही दिवस झोप उलट कमी होते आणि अनेक जण तिथेच सोडून देतात. वयस्करांनी उठताना दिवा लावावा, अंधारात पाय घसरतो.

आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने चालले, किंवा जोरात घोरणे अथवा टोकाची निराशा असेल, तर डॉक्टरांकडे जावे. निराशेत तर थांबूच नये. झोपेच्या आणि मनाच्या तक्रारींसाठी इथे 'शिनऱ्यो-नाइका' हा विभाग असतो. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी झोपेची गोळी बहुधा सर्दीच्या जुन्या औषधाच्या जातीची असते. तिने म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडतो, लघवी अडते. मुलासाठी आणलेली गोळी आजी-आजोबांनी घेऊ नये, आणि आजी-आजोबांची मुलाला देऊ नये.