तापलेली पट्टी आणि चौदा व्होल्ट

सोसायटीच्या गच्चीवर दहा-दहा सौर पॅनेलच्या दोन ओळी आहेत असे समजा. तोंड एकाच दिशेला, ऊन सारखेच, तरी इन्व्हर्टरवर दुसऱ्या ओळीची वीज रोज तीन-चार टक्के कमी दिसते. पॅनेल धुऊन झाले, फरक पडला नाही. वीजबिलावर न जाणवणारी ही तूट शोधायला तंत्रज्ञ दोन उपकरणे घेऊन येतो: थर्मल कॅमेरा आणि आय-व्ही कर्व्ह ट्रेसर.

आधी कॅमेरा, कारण त्याला चालू प्रकल्प लागतो. ऊनही कडक हवे. पॅनेलवर चौरस मीटरला किमान ६०० वॅट. काचेत आकाशाचे, टाकीचे प्रतिबिंब पडून खोटा डाग दिसतो. तो ओळखणे सोपे आहे: माणूस दोन पावले सरकला की डागही सरकतो.

इथे मात्र सातव्या पॅनेलचा एक तृतीयांश भाग शेजारच्यापेक्षा चार-पाच अंश गरम निघाला, आणि तो जागचा हलेना. ७२ सेलच्या पॅनेलमध्ये २४ सेलच्या तीन माळा असतात. प्रत्येकीला एक बायपास डायोड असतो. माळेवर सावली पडली की तो विजेला बाजूने वाट देतो. अशी बाजूला पडलेली माळ वीज बाहेर देत नाही, ती उष्णता होते. म्हणजे पट्टी तापण्याची कारणे दोन: डायोड जळून कायमचा जोडला गेला असेल, किंवा एखाद्या तडकलेल्या सेलमुळे तो आपले काम करत असेल. चित्रावरून नेमके कोणते, हे सांगणे अवघड.

आता ट्रेसर. इन्व्हर्टर बंद, मग डीसी स्विच बंद, त्यानंतरच कनेक्टर सोडायचा. भार असताना ओढला तर ठिणगीचा जाळ उठतो. ट्रेसर काही क्षणांत ओळीचा प्रवास शून्य व्होल्टपासून विनाभार व्होल्टेजपर्यंत आलेखात उतरवतो.

पॅनेलच्या पाठीवर ४६ व्होल्ट छापलेले असतात, म्हणून दहांचे ४६० यायला हवेत असे वाटते. पण तो आकडा २५ अंशांचा आहे. पॅनेल ५५ अंशांवर असेल तर दर अंशाला सुमारे ०.३ टक्का घट धरून ४१९ च उरतात. चांगल्या ओळीने तेवढेच दाखवले. संशयित ओळ ४०५ वर थांबली, वक्र मात्र गुळगुळीत. तडकलेला सेल असता तर व्होल्टेज जवळपास पूर्ण येऊन आलेखात मध्येच पायरी पडली असती. चौदा व्होल्ट म्हणजे बरोबर एक माळ. डायोड जळाला आहे.

जंक्शन बॉक्स उघडता येत असेल तर डायोड बदलतात, सीलबंद असेल तर पॅनेलच. विजेच्या लाटेने डायोड गेला असेल तर उरलेलेही तपासावे लागतात. आतून तुटलेला डायोड सावली नसताना कुठलीच खूण दाखवत नाही, सावली पडली की मात्र तो सेल भाजून निघतो. त्यासाठी प्रत्येक माळेतला एक सेल पुठ्ठ्याने झाकून पुन्हा आलेख काढतात. पायरी उमटली तर डायोड शाबूत.