एका शून्याचा उशीर

समजा, पुण्यातल्या एका छोट्या आयातदाराने निंगबोच्या कारखान्याकडून शिलाई यंत्रांचे ४०,००० युआनचे सुटे भाग मागवले आणि माल २० दिवस उशिरा निघाला. करारात उशिराच्या भरपाईचा दर ‘वान फन चर् वू’ असा आहे. याचा अर्थ दररोज दहा हजारांत पाच, म्हणजे दिवसाला २० युआन आणि एकूण ४००. घाईत अनुवादकाने ते ‘छियान फन चर् वू’, म्हणजे हजारात पाच, असे वाचले की हीच रक्कम ४,००० होते.

फरक एका अक्षराचा. चिनी करारांत असे दर बऱ्याचदा अक्षरांत लिहितात, म्हणून अनुवादात टक्केवारीही द्यावी, ०.०५ टक्के, आणि एका दिवसाची रक्कम मांडून पाहावी. आकडा खटकला, तर मूळ ओळ पुन्हा वाचायची.

मग प्रश्न येतो, उशीर मोजायचा कुठून? ‘फाहुओ’ म्हणजे माल रवाना करणे आणि ‘ताओहुओ’ म्हणजे माल पोहोचणे. दोन्हींना सरसकट ‘डिलिव्हरी’ लिहिले, की समुद्रातले दिवस कोणाच्या माथी, हे कळतच नाही. ‘अनामत मिळाल्यापासून ३० दिवसांत’ या वाक्यातले दिवस कामाचे की कॅलेंडरचे, हेही मुळात असेल तसेच उतरवावे. मूळच संदिग्ध असेल, तर अनुवादकाने स्वतः अर्थ ठरवू नये, सही होण्याआधी आयातदाराला तसे लिहून कळवावे. चीनच्या नागरी संहितेच्या कलम ५८५ नुसार उशिराची भरपाई देऊनही पुरवठादाराला माल द्यावाच लागतो. त्यामुळे ‘भरपाई देऊन करारातून मोकळे’ असा सूर अनुवादात चुकूनही येता कामा नये.