मोझॅकच्या चौकोनांमागचे आकडे

ई-आधारचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवायचा असला की क्रमांकावर मोझॅक मारायची सवय बऱ्याच जणांना लागली आहे. आकड्यांच्या जागी करडे चौकोन दिसू लागले की काम झालं असं वाटतं. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यापुरतं ते झालेलंही असतं.

मोझॅक करतं काय, तर चित्राचे सारखे चौकोन पाडतं, प्रत्येक चौकोनातल्या पिक्सेलांच्या रंगांची सरासरी काढतं आणि तो एकच रंग चौकोनभर भरतं. समजा चौकोन 8 बाय 8 चा, म्हणजे 64 पिक्सेलांचा आहे. पांढऱ्याला 255 आणि काळ्याला 0 धरलं, तर 16 काळे नि 48 पांढरे पिक्सेल असलेल्या चौकोनाची सरासरी 191 येते. काळे 24 असते तर ती 159 आली असती. आता ते 16 काळे पिक्सेल नेमके कुठे होते, हे 191 या संख्येतून कुणालाच कळणार नाही. ती माहिती खरोखरच गेली आहे.

पण ती परत मिळवण्याची गरजच पडत नाही. क्रमांकातल्या प्रत्येक जागी 0 ते 9 यांपैकीच काहीतरी असणार. त्याच फॉन्टमध्ये, त्याच आकारात हे दहाही आकडे टाइप करायचे, त्यांच्यावर तसंच मोझॅक मारायचं आणि कुणाचे चौकोन मूळ चित्रातल्या चौकोनांशी जुळतात ते पाहायचं. एक आकडा सहसा अनेक चौकोनांवर पसरलेला असतो. त्यामुळे एखाद्या चौकोनात दोन आकड्यांची सरासरी सारखी आली, तरी बाकीच्या चौकोनांत फरक पडतोच.

बारा आकड्यांच्या एक लाख कोटी जुळण्या होतात, त्या कोण तपासणार, असं वाटेल. तपासाव्या लागत नाहीत. डावीकडून एकेक आकडा ठरवत गेलं की प्रत्येक जागी दहा, म्हणजे साधारण 120 प्रयत्न पुरतात. अडचण एवढीच की चौकोनांची जाळी आकड्यांच्या हद्दी पाळत नाही. एकाच चौकोनात चारचं शेपूट आणि शेजारच्या सातची सुरुवात येते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन चांगले उमेदवार पुढे न्यायचे. जाळी कुठून सुरू झाली हे माहीत नसेल, तर तिच्या 64 जागा तपासायच्या. तरी आकडा काही हजारांतच राहतो आणि संगणकाला तेवढं काम किरकोळ आहे. बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीने 2022 मध्ये ‘अनरिडॅक्टर’ हे साधन याच पद्धतीने मजकूर ओळखून दाखवण्यासाठी प्रसिद्ध केलं. आधारच्या बाबतीत तर वर एक सोय आहे: शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने ठरतो. एखादी जागा शंकास्पद राहिलीच, तर हा पडताळा तिथला आकडा सांगून टाकतो.

ही युक्ती फसतेही. कॅमेऱ्याने तिरपा काढलेला फोटो, पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होऊन बिघडलेलं चित्र किंवा आकड्याहूनही मोठे चौकोन असले की तुलना ढिली पडते. पण आपला फोटो पुरेसा बिघडला आहे की नाही, हे पाठवणाऱ्याला कसं कळणार?

चेहऱ्याचं प्रकरण वेगळं आहे. तिथे दहाच शक्यता नसतात. 2020 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ या कार्यक्रमाला बराक ओबामांचा मोझॅकसारखा पुसट फोटो दिला, तेव्हा त्याने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. त्याने चेहरा शोधला नव्हता, चौकोनांत बसेल असा रचला होता. मात्र संशयितांची यादी हाती असेल, तर त्या प्रत्येकाच्या फोटोवर मोझॅक मारून तुलना करता येते, आणि मग चेहराही आकड्यांसारखाच सापडू शकतो. व्हिडिओत धोका आणखी वाढतो, कारण चेहरा हलतो तशी दर फ्रेमला वेगळी सरासरी मिळत जाते.

आणि चेहरा पिळून गोल फिरवण्याचा ‘स्वर्ल’ परिणाम तर मोझॅकपेक्षाही कच्चा. त्यात पिक्सेल मिसळत नाहीत, फक्त जागा बदलतात. 2007 मध्ये जर्मन पोलिसांनी असा पिळलेला चेहरा उलटा फिरवून सरळ केला, इंटरपोलने तो जाहीर केला आणि मुलांवर अत्याचार करणारा तो माणूस थायलंडमध्ये पकडला गेला.

लपवायचंच असेल तर सपाट, पूर्ण अपारदर्शक काळा आयत काढावा. मार्करने गिरवू नये. फोनमधला मार्कर बहुधा अर्धपारदर्शक असतो आणि फोटोचा उजेड वाढवला की खालची अक्षरं वर येतात. पीडीएफमध्ये तर काळी पट्टी हा निव्वळ वरचा थर असू शकतो. जानेवारी 2019 मध्ये पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी अमेरिकेतल्या न्यायालयात दिलेल्या कागदपत्रात पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी सरळ कॉपी-पेस्ट करून वाचला. आपल्या फाइलमध्येही पट्टीवरून कर्सर ओढून कॉपी करून पाहावं. काही हाती लागलंच, तर ते पान चित्र म्हणून नव्याने जतन करावं.

आधार झाकताना क्यूआर कोडही झाकावा, कारण जुन्या आधारपत्रांवरच्या कोडमध्ये पूर्ण क्रमांकच असे. नावावरची पट्टी नावापेक्षा लांब ठेवावी, नाहीतर किती अक्षरं आहेत ते तिच्या लांबीवरून मोजता येतं. आणि मोझॅकचंच रूप हवं असेल, तर आधी खरा क्रमांक खोडून तिथे भलताच क्रमांक टाइप करावा आणि त्याच्यावर मोझॅक मारावं.