५४□१६-१४५ : चष्म्याच्या दांडीवरचं कोडं

सेलमध्ये सातशे रुपयांना मिळालेली फ्रेम माझ्या रूममेटने मोठ्या हौसेनं मागवली. फोटोत मॉडेलला मस्त दिसत होती. आमच्या नाक्यावरच्या चष्मेवाल्या काकांकडून तिने त्यात आपल्या नंबरच्या काचा बसवून घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी तक्रार सुरू झाली. नाकावर लाल वळ, कडेला काच जाडजूड आणि घालून बघितलं की डोळे काचेच्या मधोमध नाहीतच! ‘फ्रेमच फालतू आहे,’ असं म्हणत ती परत काकांकडे गेली. मीही सोबत होते.

काकांनी नवी फ्रेम बाजूलाच ठेवली. आधी तिचा जुना चष्मा मागितला आणि दांडीची आतली बाजू आमच्यासमोर धरली. तिथे बारीक अक्षरांत ४९□१९-१३५ असं छापलेलं होतं. नव्या फ्रेमवर होतं ५४□१६-१४५. ‘कपडे घेताना साइझ बघता ना? मग इथे का नाही बघत?’ काकांचा प्रश्न. खरं तर हे तिन्ही आकडे ऑनलाइन पानावर, फोटोंच्या खाली, व्यवस्थित लिहिलेले होते. आम्ही तिथवर स्क्रोलच केलं नव्हतं.

तीन आकडे काय सांगतात?

पहिला आकडा एका काचेची आडवी रुंदी सांगतो, मिलिमीटरमध्ये. मधला छोटा चौकोन म्हणजे हे माप काचेभोवती चौकट कल्पून घेतलंय, याची खूण. दुसरा आकडा ब्रिजचा, म्हणजे नाकावर दोन काचांमध्ये जे अंतर राहतं त्याचा. तिसरा दांडीच्या लांबीचा, त्यात कानामागे वळणारा भागही धरलेला असतो.

ब्रिजचा हिशोब सोपा आहे. तो नाकापेक्षा अरुंद असला की फ्रेम वर चढून चिमटे काढते, रुंद असला की घसरत खाली येते. तिला १९ ची सवय आणि नवा ब्रिज १६ चा. म्हणून ते वळ. त्यात ही फ्रेम प्लॅस्टिकची, नाकाची बाजू साच्यातच घडवलेली. धातूच्या फ्रेमला वेगळे नोजपॅड असतात, ते काका चिमट्याने थोडे उघडून देऊ शकतात. इथे तशी सोयच नव्हती.

आता जाड कडेचं काय? त्यासाठी आणखी एक आकडा लागतो, तो म्हणजे पीडी. हे दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर. नंबर काढताना ते मोजतात, पण चिठ्ठीवर दरवेळी लिहीत नाहीत. आपण मागून घ्यायचं. हिची पीडी ६० निघाली. फ्रेमच्या पहिल्या दोन आकड्यांची बेरीज केली की दोन काचांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मिळतं. जुन्या चष्म्यात ४९ अधिक १९ म्हणजे ६८, नव्यात ५४ अधिक १६ म्हणजे ७०. यातून ६० वजा करून निम्मं करा. जुन्यात प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून ४ मिमी आत होता, नव्यात ५ मिमी.

फरक एकाच मिलिमीटरचा वाटतो ना? पण काचही मोठी झाली आहे. डोळ्यासमोरच्या बिंदूपासून कानाकडच्या कडेपर्यंतचं अंतर आधी साडेअठ्ठावीस मिमी होतं, ते ३२ झालं. मायनस नंबरची काच मध्यभागी पातळ असते आणि कडेला जाताना झपाट्याने जाड होते. हिचा नंबर साडेपाच मायनस. साध्या प्लॅस्टिकच्या काचेत या हिशोबाने कड सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड होते आणि वजनही त्याच बाजूला वाढतं. म्हणजे फ्रेम फालतू नव्हती, तिच्यासाठी चुकीची होती. काकांचा सल्ला असा, की आरामात बसणाऱ्या जुन्या चष्म्याचे आकडे फोनमध्ये टिपून ठेवायचे आणि नवी फ्रेम घेताना काचेची रुंदी व ब्रिज दोन मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ द्यायचे नाहीत.

‘टायटॅनियम फिनिश’ म्हणजे टायटॅनियम नव्हे

मटेरियलच्या रकान्यात शब्द नीट वाचावे लागतात. टीआर-९० हे नायलॉनच्या जातीचं प्लॅस्टिक. हलकं असतं, वाकवलं तरी पुन्हा जागेवर येतं. पण याच गुणामुळे ते गरम करून चेहऱ्याप्रमाणे बसवणं अवघड जातं. अ‍ॅसिटेट थोडं जड, मात्र उष्णता देऊन त्याच्या दांड्या हव्या तशा वळवता येतात. नुसतं ‘मेटल’ लिहिलं असेल तर विचारा कुठला धातू, कारण बऱ्याच स्वस्त फ्रेम मोनेलच्या असतात. त्यात निकेल असतं आणि मुलामा उडाला की काहींच्या कानामागे त्याने खाज सुटते. ‘टायटॅनियम फिनिश’ हे तर फक्त रंगाचं नाव असू शकतं.

संरक्षण कशापासून?

खरी गंमत काचांच्या रकान्यात आहे. हिच्या फ्रेमच्या पानावर लिहिलं होतं : ‘यूव्ही प्रोटेक्शन, ब्लू कट, डोळ्यांचा ताण दूर करते.’ पण फ्रेमसोबत आली होती ती डेमो लेन्स, म्हणजे फ्रेमचा आकार टिकावा म्हणून बसवलेला प्लॅस्टिकचा तुकडा. नंबर टाकताना तो काढूनच टाकतात. मग संरक्षण गेलं कुठे? ते फ्रेमचं नसतंच, जी काच बसवाल तिचं असतं.

‘यूव्ही ४००’ या शब्दाला निश्चित अर्थ आहे : ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडतात. काच काळी असण्याशी त्याचा संबंध नाही, पारदर्शक काचही हे करू शकते. दुकानात यूव्ही मीटर असेल तर मिनिटभरात तपासून मिळतं.

‘ब्लू कट’चं मात्र तसं नाही. ही काच काही निळा प्रकाश गाळते, एवढं विधान बरोबर. ‘ताण दूर करते’ ही पुढची उडी आहे. २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. स्क्रीनमुळे येणारा ताण साध्या काचेपेक्षा या काचांनी कमी होतो, असं अल्पकाळाच्या त्या चाचण्यांत दिसलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही कॉम्प्युटरसाठी असे चष्मे सुचवत नाही. स्क्रीनपुढे आपण पापण्या कमी मिटतो आणि तासन् तास जवळच बघत बसतो, ताण त्याने येतो.

दुकानात निळ्या पेनटॉर्चचा प्रयोग दाखवतात. साधी काच प्रकाश सोडते, ब्लू कट अडवते. प्रयोग खोटा नाही. पण त्या टॉर्चचा प्रकाश बहुधा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, जांभळ्याकडे झुकलेला असतो, आणि निळा पट्टा थेट ५०० पर्यंत जातो. एक टोक अडलं म्हणून सगळा निळा अडला असं होत नाही.

जबाबदार विक्रेता असं लिहील : ‘डेमो लेन्स, संरक्षणासाठी नाही. ऐच्छिक काच यूव्ही ४००. ब्लू कट काही निळा प्रकाश गाळते, वैद्यकीय दावा नाही. ओरखड्यांना प्रतिकार करते, ओरखडे पडणारच नाहीत असं नाही.’ वाचायला रुक्ष वाटतं, पण यातलं प्रत्येक वाक्य तुम्ही तपासू शकता.

रूममेटची फ्रेम परत गेली नाही, काचा कापून झाल्या होत्या. ती आता कपाटात आहे. नवी घेतली ती ५०□१८-१३५, नोजपॅडवाली. हिशोब या वेळी तिनेच केला : ६८ वजा ६०, निम्मे ४. पहिल्या चष्म्याइतकेच.