ठुमरी, दादरा की टप्पा?

रेडिओवर एखादं गाणं अर्ध्यातून कानी पडतं. साजण परदेशी, रात्र सरत नाही, लय सैलसर. ऐकणारा म्हणतो, ‘ठुमरी!’ पण विरह दादऱ्यात असतो, टप्प्यात असतो, कजरी-चैतीतही असतो. नुसत्या शब्दांवरून गाणं उपशास्त्रीय वळणाचं आहे, इतकंच कळतं. खरी ओळख तबल्यात आणि शब्दाला मिळणाऱ्या वागणुकीत आहे.

मुळात ताल सैल नसतोच. ठेका आपल्या जागी चालू असतो. गाणारी मात्र शब्द मागे रेंगाळत ठेवते आणि समेवर बरोबर येऊन पोहोचते. म्हणून आधी सम शोधावी आणि मग मात्रा मोजाव्यात.

गिरिजादेवींच्या गायकीत दिसते तशी बनारसी बोलबनावाची ठुमरी घेऊ. ती बहुधा दीपचंदीत किंवा जतमध्ये असते. दीपचंदीच्या मात्रा 14, विभाग 3-4-3-4 असे विषम, त्यामुळे चाल किंचित लंगडत डुलते. ओळ एकच, पण तीच पुन्हा पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी एखाद्या शब्दातून वेगळा भाव निघतो: कधी तक्रार, कधी लाडीगोडी, कधी नुसती हताशा. मूळ रागात नसलेला सूरही मध्येच डोकावून जातो. शेवटी लग्गी लागते. तबलजी केरव्याच्या अंगाने द्रुत बोल वाजवू लागतो, गाणारी मुखडा धरून राहते, आणि मग मूळ ठेका परततो. नेमक्या या लग्गीच्या वेळी रेडिओ लावला, तर ठुमरीला दादरा समजण्याची चूक हमखास होते. म्हणून ठेका परतेपर्यंत थांबावं.

दादऱ्याची लय सुरुवातीपासूनच चालती असते. ताल 6 मात्रांचा दादरा किंवा 8 मात्रांचा केरवा. इथे एका शब्दावर फार वेळ मुक्काम नसतो. अंतरे अधिक, मध्येच एखादा उर्दू शेरही येतो. बेगम अख्तर किंवा आपल्या शोभा गुर्टू यांचे दादरे ऐकले की हा फरक स्पष्ट होतो. लग्गी मात्र दादऱ्यातही असते, म्हणून केवळ तिच्यावरून निकाल देऊ नये.

टप्पा ओळखणं त्यामानाने सोपं. शब्द पंजाबी आणि थोडेच, पण पहिल्या ओळीपासून तुकड्या-तुकड्यांच्या वाकड्या, झटक्याच्या ताना. भाव सावकाश उलगडायला इथे सवडच नाही. हुरहुरही धावतच येते. लखनौच्या शोरी मियाँनी हा प्रकार घडवला, असं मानतात. ग्वाल्हेर गायकीने तो जपला, आणि आपल्याकडे मालिनी राजूरकरांनी मैफलीत लोकप्रिय केला.

अडचण येते ती लखनौच्या बंदिश ठुमरीत. ती अनेकदा मध्य किंवा द्रुत त्रितालात, घट्ट बांधणीची असते, छोट्या ख्यालासारखी. तिथे हे सैलपणाचं माप लागूच पडत नाही.