खोल्यांची बेरीज म्हणजे कार्पेट एरिया नव्हे

घर टेपने मोजताना बहुतेक जण लांबी-रुंदी घेऊन थांबतात. कर्णही मोजा, दोन्ही! हॉल 4.50 बाय 3.00 मीटर असेल, तर कर्ण 5.41 यायला हवा. दोन कर्णांत फरक पडला, तर कोपरे काटकोनात नाहीत. मग नकाशा काढताना गुण्या न लावता कंपासने त्रिकोण काढून कोपरा ठरवा. 1:50 प्रमाणात 1 मीटर म्हणजे कागदावर 2 सेंमी, म्हणून हा हॉल 9 बाय 6 सेंमीचा होतो.

शेजारची बेडरूम 3.30 बाय 3.00 आहे. उघड्या दारातून टेप सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत न्या. माप 7.90 आलं, म्हणजे मधली भिंत 10 सेंमीची. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी मात्र नाही. म्हणून 13.50 अधिक 9.90 अधिक भिंतीचे 0.30, एकूण 23.70 चौरस मीटर. 10.764 ने गुणलं की सुमारे 255 चौरस फूट.

मापं गिलाव्यापासून घ्या, स्कर्टिंगपासून नको. स्कर्टिंग पुढे आलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक खोली थोडी लहान भरते.